एकाच यादीत तीन जातीचे हॅश : दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाऊसचं प्रकरण

मार्च 2024 चा पहिला आठवडा. द्राक्ष हंगाम भरात होता. दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाऊसने फेब्रुवारीत घेतलेल्या मालाच्या पेमेंटची यादी तयार केली, तिची पीडीएफ केली आणि बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तासाभरात फोन सुरू झाले. "ताई, माझ्या नावापुढे तारीखच नाही, नुसत्या जाळ्या आल्यात." "माझी रक्कम झाकून का ठेवली?" रकमेच्या प्रश्नाला धार होती, कारण ज्यांची रक्कम लाखाच्या आत होती त्यांचे आकडे नीट दिसत होते आणि लाखाच्या वरची प्रत्येक रक्कम ######## अशी आली होती. मोठ्या बागायतदारांचेच आकडे मुद्दाम लपवलेत असा समज व्हायला एवढं पुरेसं होतं.

नाशिक परिसरातल्या छोट्या कार्यालयांची एक्सेलची कामं मी करतो. त्या दिवशी दुपारी मला तिथे बोलावलं गेलं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की एरवी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या फाइलींत भेटणारी हॅशची, म्हणजे या # खुणांची, तीन कारणं इथे एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेली होती. दिसायला तिन्ही सारखी. पण एकावर जो उपाय चालतो तो दुसऱ्यावर चालत नाही, आणि तिसऱ्यावर तर तो केल्यामुळे खरी चूक झाकली जाते.

यादी कशी होती

अकरा कॉलम होते. A मध्ये अनुक्रमांक, B मध्ये शेतकऱ्याचं नाव, C मध्ये गाव, D मध्ये काढणीची तारीख, E मध्ये वजन, F मध्ये दर, G मध्ये रक्कम, H मध्ये पैसे द्यायची ठरलेली तारीख, I मध्ये प्रत्यक्ष पेमेंटची तारीख, J मध्ये त्या दोन्हींतला दिवसांचा फरक आणि K मध्ये बँकेचा खाते क्रमांक. ठरलेली तारीख म्हणजे काढणीपासून 21 दिवस. त्यामुळे H मध्ये D अधिक 21 असं साधं सूत्र होतं आणि J मध्ये I वजा H.

वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधून माहिती सीएसव्ही फाइलमध्ये निघायची. हिशेब पाहणाऱ्या ताई ती उघडून कॉपी करायच्या आणि ठरलेल्या साच्याच्या फाइलमध्ये पेस्ट करायच्या. साचा दोन-तीन हंगाम जुना होता. कुणीतरी तो उभ्या A4 कागदावर मावावा म्हणून कॉलम दाबून दाबून बारीक केले होते. तारखांच्या तिन्ही कॉलमांची आणि J ची रुंदी 6, G ची मूळची 8.43. साधं पेस्ट केलं की माहिती येते, रुंदी येत नाही. ती जिथे पेस्ट करतो त्या शीटचीच राहते. सीएसव्हीमध्ये तर रुंदी साठवलीच जात नाही, कारण ती फाइल म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर असतो.

रुंदीचा हा आकडा कशाचा, हे ठाऊक असलं की पुढचं सोपं जातं. फाइलचा जो मूळ फॉन्ट आहे, जुन्या फाइलींत बहुधा कॅलिब्री 11, त्यातले शून्यासारखे किती अंक त्या कॉलममध्ये शेजारी शेजारी बसतील, ती ही रुंदी. 05-02-2024 ही तारीख दहा अक्षरांची आहे. आडव्या रेघा अंकांपेक्षा अरुंद असल्या तरी कडेची थोडी जागा धरून तिला साडेदहाच्या आसपास रुंदी लागते. सहात ती बसणं शक्य नव्हतं.

आधी काय केलं गेलं

फोन आल्यावर ताईंना वाटलं, पेस्ट करताना तारखा खराब झाल्या. असं वाटणं साहजिक आहे. एक्सेलमध्ये # ने सुरू होणाऱ्या बऱ्याच गोष्टी खरोखरच चुकीच्या खुणा असतात. त्यांनी काट्याच्या पावत्या काढल्या आणि D कॉलममध्ये वरून खाली तारखा हाताने टाकायला घेतल्या. पावतीवर असतात तशा: 5.2.24, 8.2.24, 15.2.24. टाकल्याबरोबर हॅश जाऊन तारीख दिसायला लागली. म्हणजे उपाय लागू पडला असं समजून मी पोचेपर्यंत निम्मी यादी झाली होती.

माझी नजर आधी तिथेच गेली, कारण त्या तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटल्या होत्या. एक्सेलमध्ये आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर संख्या उजवीकडे जातात आणि मजकूर डावीकडे. तारीख ही एक्सेलच्या लेखी संख्याच असते: 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, तिथून मोजत 5 फेब्रुवारी 2024 म्हणजे 45327. सेलमध्ये साठवलेलं असतं 45327, आणि तारखेचं रूप त्यावर चढवलेलं असतं. आपल्याकडच्या संगणकांवर तारखेची जी मांडणी असते, तिच्यात टिंबांनी तोडलेलं 5.2.24 एक्सेलला तारीख म्हणून ओळखता येत नाही. तो ते मजकूर म्हणून ठेवतो.

आणि मजकुराला हॅश येत नाहीत. शेजारचा सेल रिकामा असेल तर मजकूर त्याच्यावर पसरतो, भरलेला असेल तर कडेला कापला जातो. ताईंनी टाकलेलं 15.2.24 शेजारी वजन असल्यामुळे शेवटी कापलं जाऊन 15.2.2 असं दिसत होतं, पण घाईत ते कुणाच्या लक्षात येणार? संख्येच्या बाबतीत एक्सेल अशी कापाकापी करत नाही. 1,84,500 चा शेवट कापून 1,84 दाखवलं तर वाचणारा ते खरं मानून पुढे जाईल. म्हणून पूर्ण संख्या मावत नसेल तर तो अर्धी दाखवत नाही, सगळा सेल हॅशने भरतो. बागायतदारांना जे लपवणं वाटलं, ते खरं तर चुकीचा आकडा न दाखवण्याची काळजी होती. हे मी ताईंना सांगितलं आणि त्यांनी तेच शब्द पुढच्या फोनवर वापरले.

पहिली जात : नुसती जागा कमी

पावतीवरून तारखा टाकण्याचं काम थांबवलं आणि अजून हात न लागलेला एक सेल निवडला. सूत्रपट्टीत, म्हणजे वर जिथे सेलमधला मजकूर दिसतो त्या पट्टीत, 15-02-2024 स्पष्ट दिसत होतं. सेलवर माउस नेऊन क्षणभर थांबलं तरी छोट्या चौकटीत तीच तारीख येत होती. म्हणजे माहिती शाबूत.

मग D पासून J पर्यंतचे कॉलम वरच्या अक्षरांवरून ओढून निवडले आणि त्यातल्या कुठल्याही दोन अक्षरांमधल्या रेघेवर माउस नेला. तिथे त्याचा दोन्हीकडे बाण असलेला आकार होतो. तिथे दोनदा क्लिक केलं की निवडलेला प्रत्येक कॉलम आपापल्या सर्वात रुंद मजकुराइतका होतो. कीबोर्डवरून हेच करायचं तर Alt, मग H, O, I एकामागून एक. I कॉलममधल्या तारखा आल्या. रकमाही आल्या: वरच्या एका ओळीत 2,460 किलो, 75 रुपये दर, रक्कम 1,84,500.00. लाखाच्या आतल्या रकमा आधी का दिसत होत्या, तेही उलगडलं. 92,250.00 एवढं 8.43 मध्ये जेमतेम बसतं, पुढचा एक अंक आणि एक स्वल्पविराम आला की बसत नाही.

एवढ्यावर यादी पुरी झाली असती तर मी हे लिहिलं नसतं. पण कॉलम रुंद झाल्यावर H मध्ये एक नवीनच गोष्ट वर आली. ज्या ओळींत ताईंनी तारखा हाताने टाकल्या होत्या, तिथे ठरलेल्या तारखेच्या जागी #VALUE! होतं. D मध्ये मजकूर आल्यामुळे त्यात 21 मिळवणं एक्सेलला जमत नव्हतं. ही चूक मघापासून तिथेच होती. पण कॉलम अरुंद असला की #VALUE! लाही जागा पुरत नाही आणि त्याच्यावरही हॅशच येतात. आधीही हॅश, नंतरही हॅश, त्यामुळे मधल्या काळात हिशेब मोडलाय याची काहीच खूण स्क्रीनवर नव्हती. म्हणून हॅश दिसले की पहिली गोष्ट कॉलम रुंद करणं. सेलमधलं काहीही बदलायचं ते त्यानंतर.

टिंबांच्या तारखा परत टाइप करायची गरज नव्हती. D कॉलममधल्या तेवढ्याच सेल निवडल्या, Data मध्ये Text to Columns उघडलं, पहिली पायरी तशीच ठेवली, दुसऱ्या पायरीत तोडण्याच्या सगळ्या खुणा काढल्या आणि तिसऱ्या पायरीत Date निवडून शेजारी DMY ठेवलं. Finish दाबल्यावर तारखा उजवीकडे सरकल्या आणि H मधले #VALUE! गेले. सगळ्या खरोखर तारखा झाल्या की नाही, हे बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये एका सूत्राने तपासलं:

```
=ISNUMBER(D5)
```

जिथे FALSE आलं अशा दोन ओळी निघाल्या. एकीत शेवटी जास्तीचं टिंब पडलं होतं, दुसरीत महिना राहिला होता. त्या हाताने नीट केल्या.

दुसरी जात : कितीही रुंद करा, जात नाही

आता J कॉलम. रुंद केल्यावर त्याच्यात विचित्र मिश्रण दिसलं. काही सेलमध्ये 06-01-1900 सारख्या तारखा, काहींमध्ये हॅश. कॉलम आणखी ओढला तर हॅश कमी होण्याऐवजी वाढले. जेवढी जागा दिली तेवढी त्यांनी भरली. हीच या जातीची ओळख आहे. जागा कमी असल्यामुळे आलेले हॅश कॉलम ओढता ओढता एका क्षणी नाहीसे होतात. हे होत नाहीत. माउस नेऊन थांबलं तर चौकटीत किंमत न येता, ऋण किंवा फार मोठ्या तारखा-वेळा अशा दिसतात, या अर्थाची सूचना येते.

एक ओळ घेऊन पाहू. काढणी 05-02-2024. त्यात 21 मिळवून ठरलेली तारीख 26-02-2024, म्हणजे 45348. या शेतकऱ्याला पैसे 23-02-2024 ला, म्हणजे 45345 ला मिळाले. फरक उणे 3. त्याच दिवशी काढणी झालेल्या दुसऱ्या शेतकऱ्याला पैसे 03-03-2024 ला मिळाले, म्हणजे 45354, फरक 6. हिशेब दोन्ही बरोबर. गोंधळ फक्त सेलच्या स्वरूपाचा. साचा बनवणाऱ्याने H, I आणि J तिन्ही कॉलमांना एकदमच तारखेचं स्वरूप दिलं होतं. त्यामुळे 6 या संख्येवर तारखेचं रूप चढलं आणि ती 06-01-1900 झाली. उणे 3 चं काय करायचं? एक्सेलची दिनगणना 1900 पासून पुढे जाते, मागे जात नाही. उणे तारीख दाखवायची सोय नाही, म्हणून हॅश.

यातली बोच ही होती, की पॅकहाऊसने ज्यांना ठरलेल्या तारखेच्या आधी पैसे दिले होते, त्यांच्या नावापुढे कॉलम रुंद केल्यावरही जाळ्या तशाच राहिल्या होत्या. ज्यांना उशीर झाला त्यांच्यापुढे काहीतरी तारीख तरी आली होती. मालकांना हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपण चांगलं केलं तिथेच वाईट दिसलं." त्यांचं दुःख खरं होतं. वेळेआधी पैसे देणं या धंद्यात सोपं नसतं.

उपाय रुंदीचा नाही, स्वरूपाचा. J कॉलम निवडला आणि Ctrl+Shift+~ दाबलं. त्याने सेलचं स्वरूप General होतं आणि आतली खरी संख्या उघडी पडते. पहिल्या ओळीत -3 आलं, दुसऱ्या ओळीत 6. हॅश कुठल्या जातीचे आहेत याची शंका असेल तेव्हाही ही तीन बटणं कामाची आहेत, कारण सूत्र असलेल्या सेलमध्ये सूत्रपट्टी फक्त सूत्र दाखवते, उत्तर दाखवत नाही. पाहून झालं की Ctrl+Z ने जुनं स्वरूप परत आणता येतं.

काही ओळींत -45348 किंवा त्याच्या आसपासचे आकडे निघाले. तिथे पेमेंट अजून व्हायचं होतं. I रिकामा होता, एक्सेलने रिकाम्याला शून्य धरलं आणि शून्यातून अख्खी तारीख वजा केली. म्हणून J चं सूत्र बदललं:

```
=IF(I5="","",I5-H5)
```

कार्यालयातल्या एका मुलाने आधी IFERROR लावून पाहिलं होतं, काही फरक पडला नाही म्हणून तो चक्रावला होता. पडणार नव्हताच. IFERROR चुकीच्या किमतीला पकडतं. उणे 3 ही अगदी योग्य किंमत आहे, तिला दाखवता येत नाहीये एवढंच. #VALUE! आणि हॅश यांच्यात हा मूळचा फरक आहे.

आणखी एक उपाय सुचवला जातो: सेटिंगमध्ये जाऊन 1904 पासूनची दिनगणना सुरू करायची. त्यात उणे तारखा दिसतात हे खरं आहे. पण फाइलमधल्या आधीच्या सगळ्या तारखा 1462 दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस पुढे सरकतात. चालू हंगामाच्या यादीत तो खेळ करू नये.

हीच जात पॅकहाऊसच्या गेटवरच्या नोंदींतही होती, म्हणून तीही तिथेच दुरुस्त केली. गाडी रात्री 22:30 ला आत आली, पहाटे 02:15 ला बाहेर पडली. बाहेरच्या वेळेतून आतली वजा केली की उत्तर उणे आणि सेलभर हॅश. त्या नोंदींत B मध्ये आत येण्याची वेळ होती आणि C मध्ये बाहेर पडण्याची. मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळेसाठी सूत्र असं:

```
=MOD(C2-B2,1)
```

उत्तर 3:45, म्हणजे पावणेचार तास. गाडी चोवीस तासांपेक्षा जास्त थांबणार असेल तर मात्र हे पुरत नाही. तिथे वेळेबरोबर तारीखही नोंदवावी लागते.

तिसरी जात : हॅश गेले, चूक राहिली

K कॉलममधल्या खाते क्रमांकांचा प्रश्न सगळ्यात उशिरा हाती घेतला, पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग तोच होता. तारीख दिसली नाही तर फोन येतो. खाते क्रमांकातला आकडा बदलला तर पैसे अडकतात.

सीएसव्ही उघडल्यावर खाते क्रमांक 1.23457E+15 अशा रूपात दिसत होते. General स्वरूपात अकरापेक्षा जास्त अंकांची संख्या एक्सेल अशी आटोपशीर लिहितो. ताईंना ते नको होतं, म्हणून त्यांनी कॉलमचं स्वरूप Number केलं. त्याबरोबर पूर्ण संख्या आणि वर दशांशाची दोन शून्यं दाखवायची पाळी आली, जागा पुरेना, आणि सगळा कॉलम हॅशने भरला. आता इथे कॉलम रुंद केला असता तर हॅश गेले असते, सगळे आकडे दिसले असते आणि यादी बँकेला गेली असती.

मी एका ओळीतला क्रमांक शेतकऱ्याच्या पासबुकच्या झेरॉक्सशी ताडून पाहिला. खरा क्रमांक इथे देत नाही. समजा तो 1234567890123456 होता. शीटमध्ये होता 1234567890123450. शेवटचा आकडा शून्य. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले 15 अंकच जपतो, पुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी शून्य येतं. हे दिसण्यापुरतं नसतं, साठवलेली किंमतच तशी होते. रुंदी, स्वरूप, काहीही बदललं तरी हरवलेला अंक परत येत नाही. क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल तर तेही गळतं, कारण संख्येच्या पुढच्या शून्याला अर्थ नसतो.

सगळे क्रमांक बिघडले नव्हते. बँकांचे खाते क्रमांक सारख्या लांबीचे नसतात. काहींचे 11 अंकी, काहींचे 14, काहींचे 16. पंधरापर्यंतचे सुरक्षित होते. म्हणून नेमके कोणते तपासायचे ते शोधायला बाजूच्या कॉलममध्ये लांबी काढली:

```
=LEN(TEXT(K5,"0"))
```

जिथे उत्तर 16 किंवा जास्त आलं त्या ओळी पिवळ्या केल्या. त्यातल्या ज्या क्रमांकाचा शेवट खरोखरच शून्याने होतो तो योगायोगाने बरोबर असतो, पण तेही पासबुक बघूनच कळतं. सुरुवातीची शून्यं या तपासणीत सापडत नाहीत. ती शोधायला त्या त्या बँकेच्या नेहमीच्या लांबीशी आकडा ताडावा लागतो.

सुदैवाने मूळ सीएसव्ही तशीच होती. एक्सेलमध्ये उघडून कुणी ती परत सेव्ह केली नव्हती. नोटपॅडमध्ये उघडल्यावर सगळे क्रमांक पूर्ण दिसले. एक्सेलमधून सेव्ह झाली असती तर बिघडलेले आकडेच तिच्यात गेले असते आणि प्रत्येक शेतकऱ्याकडून रद्द केलेला चेक मागवावा लागला असता.

मग ती फाइल दोनदा क्लिक करून न उघडता Data मधल्या From Text/CSV ने आणली. पुढे आलेल्या खिडकीत Transform Data निवडलं, खाते क्रमांकाच्या कॉलमचा प्रकार Text केला, आणि प्रकार आधीच ठरलेला असल्यामुळे विचारणा आली तिथे Replace current म्हटलं. तिथे Add new step निवडलं तर आधी संख्या झालेल्या गोष्टीचाच मजकूर बनतो आणि सुरुवातीची शून्यं गेलेली ती गेलेलीच राहतात. Close & Load केल्यावर क्रमांक डाव्या बाजूला, सगळे अंक शाबूत. खाते क्रमांक ही मोजायची संख्या नाहीच, त्याची कधी बेरीज होत नाही. त्याला मजकूर म्हणूनच ठेवावं, आणि साच्यातल्या K कॉलमलाही आधीच Text स्वरूप द्यावं. मोबाईल नंबरचंही तेच. एखाद्या शीटमध्ये चुकून त्याला तारखेचं स्वरूप लागलं तर दहा अंकी संख्या 31-12-9999 च्या, म्हणजे 2958465 च्या कितीतरी पुढे जाते आणि दुसऱ्या जातीचे, न जाणारे हॅश येतात.

पीडीएफ पुन्हा काढताना

स्क्रीनवर सगळं स्वच्छ झालं. तरी पीडीएफ काढण्याआधी Ctrl+F2 ने छपाईचं चित्र पाहिलं, आणि बरं झालं. I कॉलममधल्या थोड्या तारखा तिथे पुन्हा हॅश झाल्या होत्या. स्क्रीनवरची अक्षरं आणि छपाईतली अक्षरं यांच्या रुंदीत बारीकसा फरक असतो, आणि दोनदा क्लिक करून मिळालेली रुंदी अगदी काठोकाठ असते. स्क्रीनवर झूम बदललं तरी कधी कधी हाच प्रकार दिसतो. तारखांचे तिन्ही कॉलम 12 रुंदीचे करून टाकले.

G च्या तळाशी एकूण रक्कम होती. ती F आणि G जोडून केलेल्या सेलमध्ये ठळक आणि मोठ्या अक्षरांत होती आणि तिचेही हॅश जात नव्हते. जोडलेले सेल रुंदी ठरवताना एक्सेल विचारात घेत नाही, त्यामुळे कितीही वेळा दोनदा क्लिक केलं तरी तिच्यासाठी जागा होत नाही. सेलची जोडणी सोडवली, रक्कम G मध्ये ठेवली आणि मग कॉलम जुळवला.

आता अकरा कॉलम उभ्या कागदावर मावेनात. कॉलम दाबण्याची जी सवय या सगळ्याच्या मुळाशी होती, ती इथेच लागलेली असणार. त्याऐवजी Page Layout मध्ये Orientation आडवं केलं आणि Scale to Fit मध्ये Width ला 1 page निवडलं. त्याने छापताना सगळी यादी एकसारखी लहान होते. कॉलम आणि अक्षरं दोन्ही त्याच प्रमाणात. एकच सेल अडचणीत असेल तर Format Cells मधलं Shrink to fit हाही मार्ग आहे, पण वेगवेगळ्या आकाराच्या तारखांची यादी वयस्क माणसाला मोबाईलवर वाचायला त्रासाची होते, म्हणून तो वापरला नाही. Wrap Text मात्र इथे निरुपयोगी आहे. संख्या आणि तारखा दोन ओळींत मोडत नाहीत.

त्याच आठवड्यात एसएमएसने पेमेंटची माहिती पाठवायची होती. त्यासाठी ताई यादीतले सेल कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायच्या. आधीची ती फाइल उघडून पाहिली, तर तिच्यातही जागोजागी ######## होतं. सेल नोटपॅडमध्ये नेताना जे स्क्रीनवर दिसतं तेच जातं, आतली किंमत नाही. शीटमध्ये हॅश हे नुसतं वरचं आवरण असतं. नोटपॅडमध्ये किंवा पीडीएफमध्ये गेल्यावर तेवढीच अक्षरं उरतात, मागे तारीख शिल्लक नसते. ती फाइल पुसून नव्या शीटवरून परत बनवली.

दुरुस्त पीडीएफ संध्याकाळी ग्रुपवर गेली. सोबत ताईंनी दोन ओळी लिहिल्या: जागा कमी पडल्यामुळे आकडे दिसले नव्हते, कुणाची रक्कम किंवा तारीख बदललेली नाही. J कॉलमच्या शीर्षकात "उशीर (दिवस), उणे म्हणजे आधी दिले" असं घातलं, नाहीतर -3 वाचून तीन दिवसांचे पैसे कापले असा अर्थ कुणीतरी काढला असता.

मालकांना साचा पासवर्ड लावून हवा होता, सूत्रं कुणी मोडू नयेत म्हणून. Review मधून Protect Sheet करताना तिथल्या यादीतल्या Format columns वर खूण केली. ती खूण नसेल तर कुलूपबंद शीटमध्ये कॉलमची रुंदी बदलताच येत नाही. पुढच्या हंगामात एखादी रक्कम वीस लाखांवर गेली आणि हॅश आले, तर समोर बसलेल्या माणसाकडे ते घालवायचा मार्गच उरला नसता, आणि मग पावती काढून आकडे परत टाइप करणं सुरू झालं असतं.